दुखतंय कुठे आणि दिसतंय काय

‘बल्की युटेरस. मिनिमल फ्री फ्लुइड इन पीओडी. प्रॉमिनंट अ‍ॅडनेक्सल व्हेन्स.’ ओटीपोटात महिनोन्‌महिने दुखतं म्हणून दवाखाने पालथे घालणाऱ्या बायकांच्या फायलीत असा सोनोग्राफीचा रिपोर्ट हमखास सापडतो. घरातलं कोणी तो वाचतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं. चला, एकदाचं सापडलं. पिशवी सुजली आहे, आत पाणी झालंय, शिरा फुगल्या आहेत.

पण दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. बीज सुटल्यानंतर गर्भाशयामागच्या खळग्यात चमचाभर पाणी दिसणं हेही नेहमीचं. मुलं झालेल्या बाईच्या गर्भाशयाशेजारच्या शिरा ठळक दिसतात, त्यातही नवल नाही. रिपोर्ट खोटा नसतो. फक्त त्यातली एकही ओळ ‘दुखतं ते यामुळेच’ असं सांगत नसते. तसं वाचतो आपण, आणि कधी कधी डॉक्टरही.

ओटीपोटातलं दुखणं सतत किंवा येऊन-जाऊन सहा महिने टिकलं, की डॉक्टर त्याला जुनाट धरतात. त्याचं मूळ शोधणं अवघड, कारण तेवढ्या जागेत गर्भाशय, बीजकोष, मूत्राशय आणि आतडी दाटीवाटीने बसलेली असतात, आणि त्यांच्या संवेदना मज्जारज्जूच्या जवळपास त्याच भागात पोचतात. मूत्राशय दुखलं काय नि गर्भाशय दुखलं काय, बाईला कळतं ते एवढंच, की खाली दुखतंय. त्यात भर म्हणून पोटाच्या भिंतीतल्या नसा, खालचे स्नायू आणि शिरा. म्हणून तपासात नुसतं ‘काय दिसलं’ हे पुरत नाही. जे दिसलं त्याने हे दुखणं असंच का होतं, हे समजावता आलं पाहिजे. पोटातला चिकटपणा आणि फुगलेल्या शिरा या दोन गोष्टींबाबत हा फरक सगळ्यात जास्त गाठ पाडतो, कारण दोन्ही दिसतात खूप जणींत आणि दुखतात थोड्या जणींत.

यासाठी एक बाई डोळ्यांपुढे आणू. ती कोणी एक नाही. अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या अनेकींतून जोडलेली आहे. वय ३८, एस.टी.मध्ये कंडक्टर, दोन सीझर झालेली. चौदा महिने दुखतंय. अँटिबायोटिकचे कोर्स झाले, जंतांच्या गोळ्या झाल्या. एकाने सांगितलं, सीझरमुळे आत चिकटलं असेल, दुर्बिणीतून सोडवू. दुसऱ्याने सांगितलं, मुलं झालीत ना, मग पिशवीच काढून टाका. तिसऱ्या डॉक्टरीण बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, दुखतं कुठे ते हाताने दाखवा.”

तिने आधी डाव्या बाजूला अख्खा तळहात ठेवला. मग उजवीकडे, सीझरच्या व्रणाच्या टोकाला, एक बोट टेकवलं.

तपासातली अर्धी माहिती तिथेच मिळाली. जे दुखणं तळहाताने दाखवलं जातं ते बहुधा आतलं, पसरट. जे एका बोटाने दाखवता येतं ते पुष्कळदा पोटाच्या भिंतीतलं. म्हणजे चौदा महिने ‘ओटीपोट दुखतं’ या एकाच तक्रारीखाली दोन वेगळी दुखणी नांदत होती.

“सकाळी उठल्यावर कसं असतं?”

“सकाळी काही नसतं हो. ड्यूटी संपत आली की डावीकडे जड होतं, खाली ओढल्यागत. घरी जाऊन आडवी झाले की अर्ध्या-पाऊण तासात उतरतं. पाळीच्या आधी जास्त.”

“आणि उजवीकडचं?”

“ते निराळं. बसून उठताना, तिकिटांची बॅग खांद्याला लावताना टोचतं. सुई घातल्यागत.”

मग सासूबाईंना बाहेर बसवून पुढचे प्रश्न झाले. नवऱ्याशी संबंधाच्या वेळी दुखतं की नंतर? हा प्रश्न ऐकायला सारखा वाटला तरी दोन उत्तरांच्या वाटा वेगळ्या आहेत. संबंधाच्या वेळी खोलवर कळ येत असेल तर एंडोमेट्रिओसिसचा संशय बळावतो. त्या वेळी विशेष नाही, पण नंतर काही तास ठणका राहतो, हे शिरांच्या दुखण्याचं लक्षण. हिने सांगितलं, नंतर, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. लघवी साठली की दुखतं आणि करून आल्यावर बरं वाटतं का, असंही विचारलं. तसं असतं तर मूत्राशयाकडे बघावं लागलं असतं. शौचाला जाण्याशी दुखण्याचा संबंध असता, तर आतड्यांकडे. दोन्ही नव्हतं. तरी लघवीची तपासणी, गरोदर नसल्याची खात्री आणि संसर्गासाठी योनिमार्गातल्या स्रावाची तपासणी एवढं करून घेतलं, आणि दोन पाळ्यांची डायरी लिहायला सांगितली: रोज रात्री शून्य ते दहातला एक आकडा, त्यासमोर पाळीचा दिवस, ड्यूटी उभ्याने होती की सुट्टी, आणि संबंध आले का.

डायरी भरेपर्यंत उजवीकडच्या दुखण्याचा निकाल मात्र त्याच दिवशी लागला. त्यासाठी एकही यंत्र लागलं नाही. अमेरिकेतले सर्जन जॉन कार्नेट यांनी १९२६ साली सांगितलेली ही युक्ती आहे. बाईला उताणं झोपवायचं, दुखऱ्या जागेवर बोट दाबून धरायचं आणि तिला डोकं व खांदे उचलायला सांगायचं. तसं केलं की पोटाचे स्नायू आवळतात आणि आतल्या अवयवांवर कवच तयार होतं. दुखणं आतलं असेल तर दाब पोचत नाही, म्हणून कमी होतं. तेवढंच राहिलं किंवा वाढलं, तर ते भिंतीतलं. हिचं वाढलं.

सीझरसाठी खालच्या बाजूला जो आडवा छेद घेतात त्याच्या दोन्ही टोकांजवळून, पोटाच्या स्नायूंच्या थरांतून, बारीक नसा जातात. टाक्यात किंवा व्रणाच्या कठीण झालेल्या भागात त्यांतली एखादी अडकू शकते, आणि दुखायला कधी कधी काही वर्षांनी सुरुवात होते. सोनोग्राफीत हे सहसा दिसत नाही. दुर्बीण तर या थराच्या पलीकडे, पोटाच्या पोकळीत जाते, त्यामुळे तिलाही दिसत नाही. डॉक्टरांनी त्या बिंदूवर भूल देण्याचं औषध, लिग्नोकेन, टोचलं. दहा मिनिटांनी तिला उठबस करायला सांगितली. टोचणी गेली होती. हे इंजेक्शन तपासही असतो आणि उपचारही. औषधाचा असर काही तासांचाच, पण पुष्कळ जणींत आराम त्याहून लांब टिकतो. हिचं दुखणं तीन आठवड्यांनी परत आलं, पहिल्यापेक्षा कमी. दुसऱ्या इंजेक्शननंतर ते जवळजवळ गेलं.

आता चिकटपण्याचं. शस्त्रक्रियेनंतर, संसर्गानंतर किंवा एंडोमेट्रिओसिसमुळे पोटातल्या गुळगुळीत आवरणाला इजा होते आणि भरून येताना शेजारचे दोन पृष्ठभाग एकमेकांना धरतात. कुठे ते पातळ पडद्यासारखे असतात, कुठे जाड आणि रक्तवाहिन्या असलेले. आपल्याकडे आणखी एक कारण विसरता येत नाही, ते म्हणजे जननमार्गाचा क्षयरोग. त्यात गर्भनलिका आणि आतडी घट्ट चिकटतात, आणि तिथे इलाज कात्री नसून क्षयाची औषधं असतात. म्हणून मूल न होण्याचा इतिहास, पाळी फार कमी होणं, घरात कोणाला टी.बी. झालेला असणं, हे विचारलं जातं आणि गर्भाशयाच्या आतल्या थराचा नमुना तपासला जातो. हिच्याबाबत असं काही नव्हतं.

साध्या सोनोग्राफीत चिकटपण्याचे धागे दिसत नाहीत. चांगला सोनोग्राफर दुसरंच काही पाहतो: अवयव एकमेकांवरून सरकतात का. योनिमार्गातून तपासताना तो प्रोब हलकेच पुढे-मागे करतो, दुसऱ्या हाताने पोटावर दाबतो. गर्भाशय पुढच्या भिंतीवरून, बीजकोष शेजारच्या भिंतीवरून मोकळा घसरला पाहिजे. हिचं गर्भाशय मूत्राशयाजवळ पुढच्या भिंतीला धरलेलं होतं, सीझरनंतर पुष्कळदा असतं तसं. बीजकोष मात्र मोकळे होते.

म्हणजे चिकटपणा खरोखरच होता. पहिल्या डॉक्टरांचा अंदाज चुकीचा नव्हता. मग दुर्बिणीतून तो सोडवायचा का?

इथे नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितलीच पाहिजे. पोटात जुनाट दुखणं आणि चिकटपणा दोन्ही असलेल्या १०० जणांची दुर्बिणीतून तपासणी झाली. त्यांत बहुतेक बायका होत्या. चिठ्ठ्या टाकल्यागत निम्म्यांचा चिकटपणा सोडवला आणि निम्म्यांचा नुसता पाहून दुर्बीण बाहेर काढली. कोणाचं काय केलं हे रुग्णांना सांगितलं नाही. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापून आला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं होतं, आणि दोन गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता. नुसतं बघून आलेल्यांनाही बरं वाटलं होतं. त्याआधी १९९२ मध्ये त्याच देशात पोट उघडून केलेल्या एका लहान अभ्यासातही सरसकट फायदा दिसला नव्हता. आतड्यांना धरलेला जाड, रक्तवाहिन्या असलेला चिकटपणा ज्यांच्यात होता त्यांनाच तो मिळाला. शिवाय सोडवलेली जागा पुन्हा चिकटते आणि सोडवताना आतड्याला भोक पडण्याचा धोका असतोच.

यावरून चिकटपणा कधीच दुखत नाही असं म्हणता येणार नाही. आतडं अडून पोट फुगत असेल, उलट्या होत असतील, किंवा गर्भाशय काढल्यानंतर उरलेला बीजकोष व्रणात गाडला गेला असेल, तर गोष्ट वेगळी. पण त्या दुखण्याचं रूपही वेगळं असतं. सकाळी नाही, संध्याकाळी वाढतं, आडवं झालं की उतरतं, हे पुढच्या भिंतीला चिकटलेल्या गर्भाशयाने समजावता येत नाही. चिकटपणा झोपल्यावर सुटत नाही.

उभ्याने भरतात आणि झोपल्यावर रिकाम्या होतात त्या शिरा. पायांवरच्या निळ्या, वेड्यावाकड्या शिरा आपल्या ओळखीच्या असतात. तसंच बीजकोषाच्या शिरांचं होऊ शकतं. उजव्या बीजकोषाची शीर सरळ शरीराच्या मोठ्या नीलेला मिळते, डावी मात्र वर जाऊन डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. हे दुखणं डावीकडे जास्त दिसतं त्याचं हे एक कारण. रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांत झडपा असतात. गरोदरपणात या शिरांतून जाणारं रक्त अनेक पटींनी वाढतं, शिरा ताणल्या जातात, झडपांची दोन पानं एकमेकांना टेकेनाशी होतात. मग उभ्याने रक्त उलटं खाली येतं आणि गर्भाशयाभोवती साचतं. इस्ट्रोजेनने शिरा आणखी सैलावतात. म्हणून हा त्रास पाळी चालू असलेल्या वयातला, आणि पाळी गेल्यावर बहुधा ओसरणारा.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड बिअर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर चिकाटीने काम केलं. दुर्बिणीत काहीही न सापडलेल्या बायकांच्या शिरांत रंगद्रव्य सोडून त्यांनी एक्स-रे काढले, तेव्हा पुष्कळ जणींत रुंदावलेल्या, रक्त तुंबलेल्या शिरा दिसल्या. त्यांनी एक साधी खूणही दिली: बेंबी आणि कमरेच्या हाडाचं पुढचं टोक यांना जोडणारी रेघ कल्पायची, तिचा बेंबीकडून पहिला तिसरा हिस्सा संपतो तिथे दाबायचं. तिथे दुखलं आणि सोबत संबंधानंतर ठणका असेल, तर शिरांचं दुखणं असण्याची शक्यता बरीच वाढते. हिला दोन्ही होतं. उभं करून पाहिल्यावर डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला आणि योनीच्या ओठावर फुगीर शिराही दिसल्या. हे तिला स्वतःला ठाऊक होतं. कोणी विचारलं नव्हतं म्हणून तिने सांगितलं नव्हतं.

आता एक विचित्र गोष्ट. ज्या दुर्बिणीच्या तपासाला आपल्याकडे ‘आतलं सगळं दिसतं’ असं मानतात, तो या शिरांसाठी कच्चा आहे. बाईचं डोकं खाली आणि पाय वर करून टेबल कललेलं असतं, पोटात वायू भरलेला असतो; त्यात शिरा चपट्या होऊन जातात. उताणं झोपवून केलेल्या सोनोग्राफीतही त्या निम्म्या रिकाम्या असतात. म्हणून डॉपलर सोनोग्राफी करताना बाईला अर्धवट बसवून किंवा उभं करून, जोर करायला लावून पाहावं लागतं, आणि रिपोर्टात दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: बीजकोषाच्या शिरेची रुंदी किती मिलिमीटर, आणि जोर केल्यावर रक्त उलट दिशेने वाहतं का. ‘प्रॉमिनंट व्हेन्स’ या दोन शब्दांत यातलं काहीच नाही. हिची डावी शीर ८ मिलिमीटर भरली. ५-६ च्या पुढे डॉक्टर सावध होतात. प्रवाह उलटा होता.

तरी इथेही तोच प्रश्न उरतो. मूत्रपिंड दान करणाऱ्या निरोगी बायकांच्या तपासण्यांत अशा फुगलेल्या शिरा सापडतात, आणि त्यांतल्या कितीतरी जणींना काहीही दुखत नसतं. तेव्हा मिलिमीटरचा आकडा एकटा पुरावा होत नाही. हिच्याबाबत बाजू भक्कम झाली ती डायरीने. उभ्या ड्यूटीच्या दिवशी रात्री सहा-सात, सुट्टीच्या दिवशी दोन. पाळीआधीच्या आठवड्यात एक-दोनने जास्त. दुखण्याची चाल आणि शिरांची चाल जुळत होती.

आणखी एक गोष्ट बघायची राहिली होती. डावी मूत्रपिंडाची शीर दोन रोहिण्यांच्या बेचक्यातून जाते. तिथे ती दाबली गेली असेल, तर बीजकोषाची फुगलेली शीर हीच रक्ताची पळवाट असते. ती बंद केली तर मूत्रपिंडात दाब वाढून कुशीत दुखेल, लघवीतून रक्त जाईल. कमरेखालची डावी नीलाही उजव्या रोहिणीखाली दबू शकते, आणि मग रक्त खालूनच तुंबतं. यासाठी शिरांचा एमआरआय केला. दोन्ही जागा मोकळ्या होत्या.

आधी प्रोजेस्टेरॉन जातीच्या गोळ्या दिल्या. यांनी बीजकोषाचं काम थंडावतं, शिरा आवळतात. फायदा झाला तर निदानालाही दुजोरा मिळतो. चार महिन्यांत संध्याकाळचा आकडा सातवरून चारवर आला, पण वजन वाढलं आणि पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं. गोळ्या थांबवल्यावर आकडा पुन्हा चढला, आणि तसा तो बऱ्याच जणींत चढतो. मग एम्बोलायझेशन ठरलं. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी डाव्या बीजकोषाच्या शिरेपर्यंत नेतात, रंगद्रव्य सोडून उलटा प्रवाह डोळ्यांनी बघतात आणि धातूच्या बारीक कॉइल ठेवून ती शीर बंद करतात. बहुतेकदा जागच्या भुलीवर होतं. नंतर काही दिवस दुखणं उलट वाढू शकतं, हे आधी सांगितलेलं बरं. कितीतरी जणींना याने आराम पडल्याचे अहवाल आहेत, पण चिकटपण्याबाबत झाले तसे, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेले चांगले अभ्यास इथे फार थोडे आहेत. डॉक्टरांनी तिला हेही सांगितलं.

आणि पिशवी काढली असती तर? उजवीकडची टोचणी पोटाच्या भिंतीतली, ती तशीच राहिली असती. नुसतं गर्भाशय काढून बीजकोषाच्या शिरेची बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. सोबत दोन्ही बीजकोष काढले तर शिरांचं दुखणं थांबू शकतं, पण ३८ व्या वर्षी पाळी कायमची जाते, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं, तेव्हा राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली होती. ओटीपोटाच्या दुखण्यावर सगळ्यात आधी सुचणारा इलाज कोणता, हे त्यातून दिसलं.

कोणत्या वेळी इतका सावकाश तपास करायचा नाही, तेही सांगायला हवं. पाळी चुकलेली असताना अचानक जोराची कळ येणं, दुखण्यासोबत ताप किंवा चक्कर, हे त्याच दिवशी दवाखाना गाठण्याचं कारण आहे. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, वजन उतरणं, शौचातून रक्त, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली पोटफुगी, यांत आधी कर्करोग नाही ना ते पाहतात.

एम्बोलायझेशननंतर सहा महिन्यांनी तिच्या डायरीत उभ्या ड्यूटीचे आकडे दोन-तीनवर होते, शून्यावर नाही. पुन्हा तपासल्यावर योनिमार्गातून बोटाने दाबताना खालच्या तळाचे स्नायू डावीकडे ताठ आणि दुखरे लागले. वर्ष-दीड वर्ष दुखत राहिलं की हे स्नायू आपोआप आवळून धरायची सवय लावून घेतात आणि मग स्वतःच दुखू लागतात. मज्जारज्जूही अशा काळात साध्या स्पर्शालाही तिखट उत्तर द्यायला शिकतो. यासाठी तिला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथे स्नायू आवळायचे नव्हे, तर सैल सोडायचे व्यायाम शिकवतात. आवळायचे व्यायाम, जे बाळंतपणानंतर सगळ्यांना सांगितले जातात, ते अशा बाईला उलट बाधतात. डायरी चालू ठेवायला सांगितली आहे. संध्याकाळचा आकडा पुन्हा चढत गेला तर डॉपलर परत होईल, आणि या वेळी बीजकोषाच्या शिरेसोबत गर्भाशयाच्या खालच्या बाजूच्या शिराही उभ्याने तपासल्या जातील, कारण एक वाट बंद केल्यावर उलटं रक्त त्या दुसऱ्या वाटेनेही येऊ शकतं.